कधीच न उगवलेल्या दिवसाचं छायाचित्र

शिर्डीच्या खरिपाचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. आकाशातून घेतलेलं, लख्ख, ढगाचा ठिपकाही नसलेलं. मधोमध साईमंदिराचा परिसर आणि त्याभोवती दाटलेली हॉटेलांची छपरं आहेत. नैर्ऋत्येला काकडीच्या माळावरची विमानतळाची धावपट्टी आहे. उत्तरेला कोपरगावकडून येणारी गोदावरी, कालव्यांच्या रेघा, ऊस, मका, सोयाबीन आणि राहात्याच्या पेरूच्या बागा आहेत. चित्र खरं आहे, त्यातला प्रत्येक रंग उपग्रहानं खरोखर टिपलेला आहे. तरीही असा दिवस शिर्डीवर कधी उगवलाच नव्हता. मंदिराचा रंग ऑगस्टमधल्या एका सकाळचा, कालव्याचा सप्टेंबरचा, आणि शेजारच्या शेताचा लाल रंग एका दिवसाचा तर अवरक्त रंग दुसऱ्याच दिवसाचा, असं त्यात सहज असू शकतं.

असं चित्र रचावं लागतं, कारण पावसाळ्यात शिर्डीचं सरळ छायाचित्र मिळणं फार अवघड. यात एक गंमत आहे. शिर्डी पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथून पश्चिमेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं घाटघर आहे, तिथं याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. सह्याद्री चढताना ढग पाणी तिथंच सोडतात आणि राहात्यावर येतात ते बरेचसे रिते होऊन. पण रिता झालेला ढगही ढगच असतो. शेतकऱ्याला थेंब देत नाही म्हणून तो उपग्रहाची नजर अडवायचं सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये राहात्याच्या माणसाला आभाळ भरलेलं आणि जमीन कोरडी असे आठवडे नवे नाहीत. आकाशातून पाहणाऱ्याला तेच आठवडे नुसते पांढरे दिसतात.

पाहणारा कोण, तर युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-2 मालिकेतले उपग्रह. पहिला 2015 साली, दुसरा 2017 साली सोडला गेला. 786 किलोमीटर उंचीवरून एकाच वेळी दोघे फिरत असले, की शिर्डीवर दर पाच दिवसांनी एक फेरी होते, आणि ती नेहमी सकाळी अकराच्या सुमारास. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. आणखी लवकर गेलं तर ऊन तिरकं आणि अपुरं, दुपार होऊ दिली तर जमीन तापून ढग फुगायला लागतात. फेरीत टिपलेलं दृश्य 110 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत वाटलं जातं. शिर्डीची चौकट T43QDB या नावानं ओळखली जाते. तिच्यात दहा मीटर बाजूचे चौरस, म्हणजे पिक्सेल, बारा कोटींहून जास्त आहेत. पंधरा जून ते पंधरा ऑक्टोबर या चार महिन्यांत अशी चोवीस-पंचवीस दृश्यं जमतात.

नवशिक्या इथं पहिली चूक करतो. प्रत्येक दृश्यासोबत त्यात किती टक्के ढग आहेत याची नोंद येते. तो वीस टक्क्यांहून जास्त ढगांची सगळी दृश्यं बाजूला काढतो, आणि अख्ख्या पावसाळ्यातून त्याच्या हाती दोन-तीन दृश्यं उरतात, बहुधा ऑक्टोबरची. पण ऐंशी टक्के ढगाळ दृश्यातसुद्धा सुमारे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल मोकळे असतात. संगमनेरवर ढग दाटलेले असताना साकुरीच्या शेतावर फट पडलेली असू शकते. म्हणून पावसाळी भागात निवाडा दृश्याचा करायचा नसतो, पिक्सेलचा करायचा असतो. प्रत्येक फेरीत, प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न: या क्षणी तू जमीन दाखवत होतास की ढग? जे ढग दाखवत होते ते झाकायचे. या झाकण्याला मास्क म्हणतात.

ढग ओळखणं सोपं वाटतं, कारण तो पांढरा असतो. त्यातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींहून कितीतरी मोठे असल्यानं निळा, हिरवा, तांबडा असा भेद न करता सगळ्याच रंगांचं ऊन परत फेकतात. जाडजूड ढग या एवढ्या खुणेवर पकडला जातो. पंचाईत होते ती पातळ ढगांची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर बर्फाच्या कणांचे सिरस ढग इतके विरळ असतात की खालचं शेत त्यांच्यातून दिसत राहतं, फक्त थोडं फिकट, थोडं दुधाळ. चित्राकडे पाहून डोळा फसतो, आणि पिकाचा हिशेबही फसतो.

यासाठी सेंटिनेलच्या कॅमेऱ्यात जी सोय आहे तिचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. त्याच्या तेरा पट्ट्यांपैकी दहावा पट्टा जमीन अजिबात दिसू नये म्हणूनच निवडलेला आहे. 1.375 मायक्रॉन तरंगलांबीचा हा अवरक्त प्रकाश हवेतली वाफ अधाशासारखा शोषून घेते. वाफ बहुतेक सगळी वातावरणाच्या खालच्या काही किलोमीटरांत असते. त्यामुळे या पट्ट्यातलं ऊन जमिनीपर्यंत पोचून परत येऊच शकत नाही. त्यात शिर्डी काळी, गोदावरी काळी, सगळंच काळं. पण सिरस ढग त्या वाफेच्या वर असतात. त्यांच्यावर आपटलेलं ऊन वाफेला न भेटताच परत फिरतं, आणि काळ्या पडद्यावर ते ढग तेवढे उजळ दिसतात. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा उंच डोंगरांचा अंधूक भास या पट्ट्यात होऊ शकतो. पावसाळ्यात हवा वाफेनं भरलेली असते, म्हणजे ज्या ऋतूत ढगांचा त्रास सर्वाधिक, त्याच ऋतूत हा पट्टा सर्वांत चोख काम करतो. जमिनीचे रंग शुद्ध करून जे दृश्य वापरायला दिलं जातं, त्यातून हा पट्टा गाळलेला असतो, कारण जमिनीबद्दल त्याला काहीच सांगायचं नसतं.

दुसरी पंचाईत उलट बाजूची आहे: ढग नसताना ढग भासणं. शिर्डीत ती ठळकपणे जाणवते. चुन्यानं किंवा उष्णतारोधक रंगानं पांढऱ्या केलेल्या गच्च्या, नवे पत्रे, विमानतळावरचं काँक्रीट, आजूबाजूची पॉलिहाऊसं, हे सगळं अकराच्या उन्हात ढगासारखंच चमकतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाकडे उष्णता मोजणारे पट्टे आहेत. ढग गार असतो आणि पत्रा तापलेला, एवढ्यावर त्याचं काम भागतं. सेंटिनेल-2 कडे उष्णतेचा पट्टा नाही. मग काय करायचं?

उत्तर कॅमेऱ्याच्या रचनेतल्या एका खोडीतून मिळालं. त्याचे वेगवेगळे पट्टे जमिनीवरच्या त्याच ठिकाणाकडे नेमक्या एकाच क्षणी पाहत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्याच्या नजरेत दोन-अडीच सेकंदांचं अंतर पडतं, आणि तेवढ्यात उपग्रह कित्येक किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे प्रत्येक पट्ट्याचा कोन किंचित वेगळा. चेहऱ्यासमोर बोट धरून आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटला, की भिंत जागेवर राहते आणि बोट मात्र सरकल्यासारखं दिसतं, तसंच इथं होतं. सगळे पट्टे जमिनीवर जुळवलेले असतात, त्यामुळे जमिनीवरची गच्ची प्रत्येक पट्ट्यात जागच्या जागी बसते, पण दोन किलोमीटर उंचीवरचा ढग एका पट्ट्यात इथं आणि दुसऱ्यात थोडा पुढे दिसतो. डेव्हिड फ्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली याच सरकण्याचं मोजमाप मांडलं. एरवी जवळजवळ सारखेच दिसणारे तीन अवरक्त पट्टे त्यांनी निवडले. त्यांच्यात फरक निघाला तर वस्तू हवेत आहे, न निघाला तर जमिनीवर. याच खोडीमुळे उडतं विमान चित्रात एकापुढे एक तांबडं, हिरवं, निळं असं तीनदा उमटतं. काकडीहून उडालेलं विमान फेरीच्या वेळी वर असेल तर तो छोटासा इंद्रधनुषी ठिपका तुम्हालाही सापडेल.

ढग झाकले, तरी त्यांच्या सावल्या उरतात, आणि त्या जास्त कावेबाज असतात. सावलीतलं शेत काळसर दिसतं आणि ते ओल्या काळ्या जमिनीशी किंवा शेततळ्याशी सहज गल्लत करतं. सावली शोधायची तर भूमिती लागते. जुलैच्या मध्यावर अकरा वाजता शिर्डीत सूर्य डोक्यावरून सुमारे तेवीस अंश कललेला असतो आणि जवळजवळ थेट पूर्वेला. दोन किलोमीटर उंचीच्या ढगाची सावली मग सुमारे साडेआठशे मीटर पश्चिमेला पडते, म्हणजे चित्रात पंच्याऐंशी पिक्सेल दूर. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य दक्षिणेकडे झुकतो, सुमारे चौतीस अंश कलतो, आणि तीच सावली वायव्येकडे वळून जवळपास साडेतेराशे मीटरवर जाते. अडचण एकच: ढगाची उंची आधी माहीत नसते. म्हणून संगणक निरनिराळ्या उंच्या धरून ढगाचा आकार सूर्याच्या विरुद्ध दिशेला सरकवत नेतो, आणि वाटेत अवरक्त पट्ट्यात काळसर दिसणारा, त्याच आकाराचा तुकडा भेटला की तिथं थांबतो. एकावर एक थर असले तर हा शोध चुकतो, आणि पावसाळ्यात थर असतातच.

शिवाय ढगाला स्पष्ट काठ नसतो. तो विरत जातो. म्हणून मास्क शंभर-दोनशे मीटरनं फुगवायची पद्धत आहे. किती फुगवायचं, हा लोभ आणि धाक यांच्यातला हिशेब आहे. फार झाकलं तर हाती काही उरत नाही, कमी झाकलं तर दुधाळ पिक्सेल आत घुसतात. कोरड्या प्रदेशात झाकायला हात सैल सोडता येतो, तिथं मोकळे दिवस रग्गड. शिर्डीच्या ऑगस्टमध्ये एकेक निरीक्षण मोलाचं असतं.

आता उरलेल्या निरीक्षणांतून एक रंग कसा ठरतो ते बघू. साकुरीच्या शिवारातलं सोयाबीनचं एक शेत आणि त्यातला एक पिक्सेल घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. एक ऑगस्ट ते वीस सप्टेंबर या काळात दहा फेऱ्या झाल्या, पाच झाकल्या गेल्या, पाच उरल्या. जमिनीवर पडलेल्या शंभर भाग तांबड्या प्रकाशापैकी किती भाग परत आला, याची नोंद अशी: 10 ऑगस्टला 5, 30 ऑगस्टला 4, 9 सप्टेंबरला 4, 14 सप्टेंबरला 22, आणि 19 सप्टेंबरला 5. हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं, म्हणून भरलेल्या पिकाचे आकडे चार-पाच असतात. मग मध्येच बावीस कुठून आले? मास्कच्या तावडीतून सुटलेला एक पातळ ढग. या पाचांची सरासरी 8 येते. एका चोरट्या ढगानं ती जवळजवळ दुप्पट केली. पण आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला उचलला, तर 4, 4, 5, 5, 22 यांत मधला 5 आहे. बावीसच्या जागी साठ असते तरी तो पाचच राहिला असता. शाळेत शिकलेला मध्यक इथं निमूटपणे ढग गाळतो, अट एवढीच की निम्म्याहून जास्त आकडे खरे असावेत. हेच काम बारा कोटी पिक्सेलांसाठी आणि प्रत्येक रंगासाठी वेगवेगळं होतं. म्हणूनच तांबडा रंग 10 ऑगस्टचा आणि अवरक्त 9 सप्टेंबरचा, असा मेळ जमतो आणि न उगवलेला दिवस तयार होतो. ज्यांना हा मेळ नको असतो, ते सगळे रंग एकत्र धरून मध्याच्या सर्वांत जवळचा एक खरा दिवस निवडतात.

यापूर्वीची युक्ती वेगळी होती. 1986 साली ब्रेंट होल्बेन यांनी हवामान उपग्रहांच्या चित्रांबाबत ती तपासून मांडली: हिरवेपणाचा निर्देशांक ज्या दिवशी सर्वांत जास्त, तो दिवस ठेवायचा. ढग हिरवेपणा कमीच दाखवतो, म्हणून सर्वांत हिरवा दिवस बहुधा मोकळाच असतो. पीक कुठवर भरलं होतं हे पाहायचं तर ही युक्ती आजही चालते. पण तिच्या चित्रात प्रत्येक शेत आपल्या सर्वांत चांगल्या दिवशीचं दिसतं. नंतर पावसानं दडी मारून करपलेलं शेतही त्यात हिरवंगारच असतं.

मध्यकाचाही एक डाव आहे, आणि पावसाळी भागात तो ध्यानात ठेवलाच पाहिजे. त्याच शेतात दुसऱ्या वर्षी ऑगस्ट जास्त ढगाळ गेला असं समजा. अख्ख्या खरिपाचं एकच चित्र करायचं ठरलं आणि पंचवीस फेऱ्यांतून सात निरीक्षणं उरली: 21 जूनला 11, 30 ऑगस्टला 4, 14 सप्टेंबरला 4, 29 सप्टेंबरला 9, आणि ऑक्टोबरच्या 4, 9, 14 तारखांना 12, 13, 13. जूनमध्ये पेरणी झालेली, पण जमीन उघडीच. सप्टेंबरअखेर पानं पिवळी पडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी होऊन शेत पुन्हा मोकळं. सात आकड्यांचा मध्यक निघतो 11. म्हणजे जवळजवळ तीन महिने पीक उभं असलेलं शेत ‘खरिपाच्या’ चित्रात उघड्या जमिनीसारखं दिसतं. इथं मास्क चुकलेला नाही, मध्यकही चुकलेला नाही. चुकली ती आपली समजूत, की उरलेले दिवस म्हणजे ऋतूचा प्रामाणिक नमुना. ढग दिवस चिठ्ठ्या टाकून झाकत नाहीत. पीक जोमात असतं तेव्हाच ते सर्वांत दाट असतात आणि काढणीच्या वेळी निघून जातात.

उपाय म्हणजे ऋतूचे तुकडे करायचे: पेरणीचा एक, भराचा एक, काढणीचा एक, आणि प्रत्येकाचा मध्यक वेगळा. तुकडे जितके लहान, तितकी प्रत्येकात भोकं जास्त. त्यामुळे जाणकार माणूस चित्रासोबत आणखी एक नकाशा काढतो, आणि माझ्या मते तोच जास्त वाचनीय असतो. प्रत्येक पिक्सेलसाठी किती मोकळी निरीक्षणं मिळाली, याचा तो नकाशा. त्यात जिथं एक-दोन आकडे आहेत तिथल्या रंगावर विसंबायचं नाही, कारण मध्यकाला चोर ओळखायला निदान तीन साक्षीदार लागतात. ढगांच्या आकाराचे गोलसर तुकडे चित्रात वेगळ्या छटेत दिसले, तर समजायचं की तिथं मास्क कमी पडला. आणि मोजणीच्या नकाशात शिर्डीच्या मधोमध छपरांच्या नेमक्या चौकोनी आकाराची भोकं दिसली, तर तिथं ढग नव्हतेच. फेब्रुवारीच्या निरभ्र दृश्यांवर तोच मास्क चालवून बघायचा. खरा ढग कधी ना कधी हलतो. जो प्रत्येक फेरीत त्याच जागी बसलेला सापडतो, ती गच्ची असते.

हा नकाशा पश्चिमेकडे नेला की आकडे उतरत जातात. शिर्डीजवळ भराच्या काळात चार-पाच निरीक्षणं मिळाली, तर भंडारदऱ्यापलीकडे, कळसूबाईच्या डोंगरराजीत आणि घाटघरला, जुलै-ऑगस्टमध्ये शून्य असणं मुळीच अशक्य नाही. तिथली भातखाचरं लावणीच्या वेळी कशी होती, हे प्रकाशाच्या कुठल्याच चित्रातून मिळणार नाही. शून्यातून मध्यक निघत नाही. आजूबाजूच्या तारखांवरून ते भोक बुजवता येतं, पण तो अंदाज असतो, आणि तसं सांगावं लागतं.

तिथं सेंटिनेल-1 हा रडारचा उपग्रह कामी येतो. तो स्वतःच साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो आणि परतलेला पडसाद ऐकतो. ढगातला थेंब त्या लहरींपुढे हजारो पटींनी लहान असल्यानं त्यांना तो जाणवतही नाही. भाताच्या खाचरात साचलेलं पाणी रडारची लहर आरशासारखी पलीकडे वळवतं आणि चित्रात काळं दिसतं. रोपं वाढून पाण्याबाहेर आली की तीच जागा उजळू लागते. लावणीची तारीख अशा रीतीनं भर पावसात, ढगांखालून हाती लागते. पण रडारला रंग कळत नाही. पान पिवळं पडलं की हिरवं आहे, हे त्याला सांगता येत नाही, आणि पडसादांच्या मूळ स्वभावामुळे चित्रात वाळू विखुरल्यासारखी खरखर असते. म्हणून प्रकाशाचं चित्र आणि रडारचं चित्र एकमेकांच्या जागी घेता येत नाहीत, शेजारी ठेवून वाचावी लागतात.

तेव्हा पावसाळ्याचं निरभ्र उपग्रहचित्र पीकपाहणीच्या कागदावर, विमा कंपनीच्या अहवालात किंवा वर्तमानपत्रात समोर आलं, तर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: इथं किती मोकळ्या सकाळी मिळाल्या, आणि त्या कोणत्या महिन्यातल्या? यांची उत्तरं सोबत असतील, तर ते चित्र पुरावा म्हणून तपासता येतं. नसतील, तर त्यातलं हिरवं शेत आणि मोकळं शेत, दोन्ही सारख्याच संशयानं बघायला हवीत.